लिव्ह अँड लायसन्स करारातील अनुसूची आणि प्रत्यक्ष घर जुळत नसेल तर काय तपासावे

गेली काही वर्षे मी पुणे परिसरात भाडेकरारांची ऑनलाइन प्रारूपे भरून देण्याचे आणि घरोघरी जाऊन अंगठे घेण्याचे काम करतो. या कामात एकच चूक मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे, की आता नवा दस्त समोर आला की मी भाड्याची रक्कम किंवा मुदत वाचण्याआधी शेवटचे पान उघडतो. घराचे वर्णन आणि घरातल्या वस्तूंची यादी या शेवटच्या पानांवर असते. त्या भागाला दस्तात अनुसूची म्हणतात आणि व्यवहारात सगळे जण शेड्यूल म्हणतात. पहिल्या अनुसूचीत मिळकत असते, तर दुसरीत पंखे, दिवे, गिझर, कपाटे वगैरे. घरमालक आणि भाडेकरू दोघेही भाडे, अनामत रक्कम आणि नोटिशीचा कालावधी बारकाईने वाचतात. घर तर स्वतः पाहिलेलेच आहे, त्यामुळे त्याचे वर्णन मात्र कोणी वाचत नाही.

लक्षणे

ही विसंगती सहसा दस्तात दिसत नाही, ती दुसऱ्याच कुठल्या खिडकीवर उघडी पडते. गॅसजोडणीसाठी किंवा बँकेत पत्ता बदलण्यासाठी नोंदणीकृत करार दिला असता, त्यातला पत्ता वीजबिलाशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवताना इमारतीचे नाव किंवा विंग वेगळी निघते. सोसायटीचे कार्यालय गाडीचा स्टिकर देत नाही, कारण करारात पार्किंगचा उल्लेख नसतो, किंवा असला तर जागेचा क्रमांक नसतो. महिन्याचे वीजबिल वापराच्या मानाने फारच जास्त किंवा फारच कमी येते. आणि सर्वांत महागडे लक्षण घर सोडताना दिसते. यादीत सहा पंखे आहेत, भिंती-छतांवर चार दिसतात, म्हणून अनामत रकमेतून दोन पंख्यांची किंमत कापली जाते. ते दोन पंखे तिथे कधीच नव्हते, हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग तोवर उरलेला नसतो.

यांपैकी एकही लक्षण दिसले, तर पुढील तपासण्या दिलेल्या क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. खरे तर अंगठा देण्यापूर्वीच त्या करायच्या असतात, कारण तेव्हा दुरुस्तीला फक्त प्रारूपातला मजकूर बदलावा लागतो.

ही चूक होते कशी

बहुतेक वेळा लबाडी नसते. ऑनलाइन प्रारूप भरताना गेल्या वर्षीचा जुना करार समोर ठेवला जातो आणि त्यातली माहिती जशीच्या तशी उतरवली जाते. तो जुना करारही त्याआधीच्या करारावरून उतरवलेला असतो. मधल्या काळात एक गिझर बंद पडलेला असतो, जुने कपाट निघालेले असते, सोसायटीने पार्किंगच्या जागा नव्याने आखलेल्या असतात. कागद मात्र तोच राहतो. शिवाय घरमालक अनेकदा दुसऱ्या शहरात असतात, करार ताबा देण्याच्या आठ-दहा दिवस आधी नोंदवला जातो आणि वस्तूंची यादी फोनवर आठवणीने सांगितली जाते. यादी बनवणारा घरात उभा नसतो, हे या समस्येचे मूळ आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा भाग किती वजनाचा आहे, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. मुदत संपल्यावर भाडेकरूने घर सोडले नाही, तर घरमालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे, की त्या कलमाच्या प्रयोजनासाठी परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे तुमच्या सहीने जे वर्णन गेले, ते नंतर ‘अहो, ते चुकून लिहिले होते’ एवढ्या एका वाक्याने पुसले जात नाही. ही बाब दोन्ही बाजूंना लागू आहे. घराचे वर्णन चुकले असेल तर घर परत मिळवताना अडचण घरमालकालाच होते, आणि म्हणून अनुसूची तपासू द्या असा आग्रह धरणाऱ्या भाडेकरूला त्याने वाद उकरून काढणारा समजू नये.

पहिली तपासणी : दारासमोर उभे राहून वाचन

यासाठी पाच मिनिटे पुरतात. प्रारूपाचे शेवटचे पान हातात घेऊन घराच्या दाराबाहेर उभे राहावे आणि चार गोष्टी मोठ्याने वाचाव्यात : फ्लॅटचा क्रमांक, विंग, मजला आणि इमारतीचे वा सोसायटीचे नाव. मग दारावरची पाटी, लिफ्टमधले बटण आणि खालच्या नामफलकावरचे नाव यांच्याशी ते ताडून पाहावे.

सर्वाधिक चुका मजल्यात होतात. जुन्या इमारतींत तळमजला असतो आणि त्यावर पहिला. नव्या इमारतींत खाली पार्किंगचा एक किंवा दोन स्तर असतात आणि निवासी मजल्यांची मोजणी त्यांच्या वर सुरू होते. प्रारूप भरणाऱ्याने पार्किंगचा स्तर पहिला मजला धरला, तर दुसऱ्या मजल्यावरचा २०३ क्रमांकाचा फ्लॅट करारात तिसऱ्या मजल्यावर जातो, आणि तिसऱ्या मजल्यावर तर ३०३ आहे. आता दस्तातले वर्णन दोन वेगवेगळ्या घरांकडे बोट दाखवते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ प्रमाणे स्थावर मिळकतीचे वर्णन तिची ओळख पटण्यास पुरेसे असावे लागते, आणि कसोटी एवढीच आहे : हा कागद अनोळखी माणसाच्या हाती दिला तर तो याच दारापर्यंत पोचेल की नाही? विंगचे अक्षर गाळलेले असेल, तर तीन विंगांच्या सोसायटीत २०३ क्रमांकाची तीन दारे असतात.

इमारतीच्या नावाबाबत एक सूचना. बिल्डरने दिलेले प्रकल्पाचे नाव आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नोंदणीकृत नाव पुष्कळदा वेगवेगळे असते. नामफलकावर एक, पावतीवर दुसरे. अशा वेळी एकाची निवड करू नये, दोन्ही नावे लिहावीत.

दुसरी तपासणी : घरातच असलेले तीन कागद

घरमालकाकडून वीजबिल, मिळकतकराचे बिल आणि सोसायटीच्या देखभाल शुल्काची पावती यांच्या प्रती मागून घ्याव्यात. या कागदांना काहीही खर्च येत नाही आणि ते देण्यास कोणी नाखूष असेल, तर तीही एक माहितीच आहे. तिन्ही कागद शेजारी ठेवून फ्लॅट क्रमांक, नाव आणि पत्ता यांची तुलना करावी.

वीजबिलावर जुन्या काळातला पत्ता असणे सर्वसामान्य आहे. बांधकाम चालू असताना जोडणी घेतलेली असते, तेव्हा सोसायटीचे नाव ठरलेले नसते आणि बिलावर ‘फ्लॅट नं. ३, दुसरा मजला, सर्व्हे नंबर अमुक’ असे काहीतरी राहून जाते. त्याने करार खोटा ठरत नाही. मात्र असा फरक आढळला तर अनुसूचीत फ्लॅट क्रमांकासोबत वीजग्राहक क्रमांकही लिहून घ्यावा. महावितरणचा हा क्रमांक बारा अंकी असतो आणि तो बिलावर ठळक छापलेला असतो. तो दस्तात आला, की पुढे गॅसजोडणीच्या वा बँकेच्या खिडकीवर दोन पत्त्यांचे घर एकच आहे हे दाखवता येते.

जमिनीच्या क्रमांकाबद्दल लोक अनाठायी घाबरतात. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, नगर भूमापन झालेल्या भागात सिटीएस नंबर असतो, आणि एकाच जमिनीला हे दोन्ही असू शकतात. क्रमांक वेगळा दिसला म्हणून लगेच घर वेगळे ठरत नाही. नोंदणी अधिनियमाच्याच कलम २२ मध्ये, वर्णन ओळख पटण्यास पुरेसे असेल तर केवळ शासकीय नकाशा किंवा भूमापनाच्या संदर्भाच्या त्रुटीमुळे दस्त नोंदणीस अपात्र ठरत नाही, अशी तरतूद आहे. मालकाच्या खरेदीखताच्या सूची दोनमध्ये, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो त्या उताऱ्यात जो क्रमांक आहे, तो अनुसूचीत उतरवावा आणि पुढे जावे. त्याच उताऱ्यात घेणाऱ्याचे नाव असते. ते करारातल्या घरमालकाच्या नावाशी जुळते का, हे मात्र नक्की पाहावे, कारण तिथला फरक हा वर्णनाचा प्रश्न राहत नाही. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

तिसरी तपासणी : मीटरच्या खोलीत

अनुसूचीवर लिहिताना मीटर मध्येच कुठून आला, असे वाटेल. पण ‘हे घर’ म्हणून जे भाड्याने मिळते त्यात त्या घराची वीजजोडणीही असते, आणि मीटरची अदलाबदल ही मी पुनःपुन्हा पाहिलेली गोष्ट आहे. एका मजल्यावर चार घरे, खाली एकाच फळीवर चार मीटर, आणि त्यांच्यावर रंगाने लिहिलेले क्रमांक पुसट झालेले.

आधी बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक एकच आहे का ते पाहावे. नंतर घरातला मुख्य स्विच बंद करावा आणि दुसऱ्या व्यक्तीला खाली मीटरसमोर उभे करावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर वापराबरोबर लुकलुकणारा एक छोटा लाल दिवा असतो. घरात गिझर किंवा इस्त्री चालू असताना तो भराभर लुकलुकतो, आणि मुख्य स्विच बंद केल्यावर त्याचे लुकलुकणे थांबायला हवे. तसे झाले नाही आणि शेजारच्या मीटरचा दिवा थांबला, तर दोन घरांच्या तारा उलटसुलट जोडलेल्या आहेत. एका कुटुंबाने अशा स्थितीत अनेक महिने शेजारच्या वातानुकूलन यंत्राचे बिल भरल्याचे मी पाहिले आहे.

इथे आपले काम संपते. मीटरचे सील, त्यामागची तार किंवा फ्यूज यांना हात लावू नये. ते वीज कंपनीच्या माणसाचे काम आहे आणि जिवाशी खेळ आहे. मीटर बरोबर असेल तर त्यावरचे त्या दिवसाचे वाचन टिपून ठेवावे.

चौथी तपासणी : वस्तूंची यादी, खोलीमागून खोली

या तपासणीला तासभर द्यावा. मतभेदाचे सर्वाधिक प्रसंग इथेच उद्भवतात, म्हणून एक उदाहरण तपशिलाने सांगतो.

दोन बेडरूमचा एक फ्लॅट. घरमालक नागपूरला, भाडेकरू दाम्पत्य नुकतेच पुण्यात आलेले. प्रारूपातली यादी अशी होती : पंखे सहा, ट्यूबलाइट आठ, गिझर दोन, कपाटे तीन, चिमणी एक, पार्किंग एक. मी यादी घेऊन त्यांच्याबरोबर घरात फिरलो. छताचे पंखे मोजले तर चारच भरले : हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, दोन बेडरूममध्ये एकेक. हॉलच्या छताला आणखी एक हुक रिकामा होता, त्यामुळे निदान एक पंखा काढून नेला असावा असा संशय स्वाभाविक होता. घरमालकांना फोन केल्यावर उलगडा झाला. दोन्ही न्हाणीघरांत हवा बाहेर टाकणारे छोटे पंखे होते आणि तीन वर्षांपूर्वी यादी करणाऱ्याने तेही ‘पंखे’ या शब्दात मोजले होते. हॉलचा दुसरा हुक बिल्डरने ठेवला होता, त्यावर पंखा कधी लागलाच नव्हता. कोणीही खोटे बोलत नव्हते. पण हीच यादी तशीच नोंदवली गेली असती, तर वर्ष-दोन वर्षांनी घर परत घेणाऱ्या तिसऱ्या माणसाने, बहुधा घरमालकांच्या एखाद्या नातेवाइकाने, छताकडे पाहून मोजणी केली असती, रिकामा हुक पाहिला असता आणि दोन पंखे गेले असा निष्कर्ष काढला असता.

म्हणून यादी एकूण आकड्यांत कधीच ठेवू नये, ती खोलीनुसार लिहावी. ‘हॉल : छताचा पंखा एक, ट्यूबलाइट दोन, पडद्यांचे दांडे दोन. पूर्वेकडील बेडरूम : छताचा पंखा एक, भिंतीतले तीन दारांचे कपाट एक, चाव्या दोन.’ असे लिहिले की वस्तू मोजणारा कोणीही असो, उत्तर एकच येते. कपाटांच्या बाबतीत हे फारच उपयोगी पडते, कारण भिंतीत बसवलेले तीन दारांचे कपाट कोणी एक मोजतो आणि कोणी तीन.

दुसरा धडा गिझरचा. यादीत दोन होते, घरातही दोन होते, त्यामुळे मोजणी बरोबर होती. परंतु दोन्ही चालू करून दहा मिनिटे थांबलो, तेव्हा एकाचेच पाणी तापले. दुसऱ्याचा दिवा लागत होता, पाणी थंडच राहिले. आतली कॉइल गेलेली होती. प्रचलित मसुद्यात असे कलम असते, की नैसर्गिक झीज वगळता सर्व वस्तू भाडेकरूने चालू स्थितीत परत कराव्यात. बंद गिझर ‘गिझर दोन’ या नोंदीखाली स्वीकारला की तो परत देताना चालू करून देण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. म्हणून प्रत्येक वस्तू चालवून पाहावी, नुसती पाहू नये. पंखा सर्व वेगांवर फिरवावा, नळ पूर्ण उघडून खालच्या मोरीत पाणी साचते का ते पाहावे, फ्लश दोनदा ओढावा, चिमणी लावून तिच्या जाळीला कागदाचा तुकडा चिकटतो का ते पाहावे, प्रत्येक सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर घालावा. जे बंद आहे ते यादीत ‘बंद स्थितीत’ असे स्पष्ट लिहावे. घरमालक ते दुरुस्त करणार असतील, तर कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहावे.

महाग वस्तूंच्या बाबतीत कंपनी आणि अनुक्रमांक टिपावा. वातानुकूलन यंत्र, धुलाई यंत्र, शीतकपाट, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांच्यावर अनुक्रमांकाची चिठ्ठी असते. ती नोंदवल्याने वस्तू बदलल्याचा आरोप कोणाही बाजूने करता येत नाही. पलंग, गादी, सोफा यांना क्रमांक नसतो. तिथे छायाचित्र आणि डाग-चिरांचे दोन ओळींत वर्णन पुरते.

आणि ज्या वस्तू घरात आहेत पण यादीत नाहीत, त्यांचे काय? माळ्यावर ठेवलेल्या जुन्या पेट्या, बाल्कनीतला मोडका रॅक, कुलूप लावलेले एखादे कपाट. भाडेकरूला वाटते की यादीत नाही म्हणजे आपली जबाबदारी नाही, आणि घरमालकांना वाटते की घरात होते म्हणजे सांभाळायला दिले होते. या वस्तू यादीत घ्याव्यात किंवा ताबा देण्यापूर्वी घरातून हलवाव्यात. तिसरा पर्याय ठेवू नये.

पाचवी तपासणी : पार्किंग

‘पार्किंग एक’ ही नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. जागेचा क्रमांक, ती आच्छादित आहे की उघडी, चारचाकीची आहे की दुचाकीची, हे लिहिले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोसायटीच्या नोंदीत ती जागा त्याच फ्लॅटला दिलेली आहे का, हे कार्यालयात विचारावे. वरच्या उदाहरणात घरमालक जिथे गाडी लावत असत ती जागा शेजाऱ्यांच्या नावे होती. वर्षानुवर्षे दोघांत तोंडी अदलाबदल चालू होती आणि नव्या भाडेकरूला शेजाऱ्यांनी अर्थातच ती जागा दिली नाही. अनुसूचीत सोसायटीच्या नोंदीतला क्रमांक घातला आणि प्रश्न मिटला.

सहावी तपासणी : क्षेत्रफळ

ही तपासणी मी शेवटी ठेवतो. ती कष्टाची आहे आणि तिच्यातून निघणारा फरक पुष्कळदा निरुपद्रवी असतो. त्याच फ्लॅटच्या प्रारूपात ‘७५० चौरस फूट, बिल्टअप’ असे होते. मिळकतीच्या कागदात चटई क्षेत्र ५१.१० चौरस मीटर होते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ५५० चौरस फूट. दोनशे फूट गेले कुठे, असे भाडेकरूंना वाटणे साहजिक होते.

आम्ही टेपने मोजले. हॉल १६ बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम ११ बाय १० आणि १० बाय १०, दोन न्हाणीघरे प्रत्येकी ७ बाय ४, आणि १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद पॅसेज. बेरीज ५३३ चौरस फूट झाली. उरलेले सतरा फूट आतल्या भिंतींनी व्यापलेले होते, कारण रेरा कायद्याच्या व्याख्येत चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरल्या जात नाहीत. म्हणजे घर पूर्ण होते. ७५० हा आकडा जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिळवून विक्रीच्या वेळी सांगितलेला होता आणि तो चुकीच्या नावाखाली करारात आला होता. ‘चटई क्षेत्र ५१.१० चौरस मीटर’ असे लिहून आम्ही तो बदलला. घराचे मासिक भाडे एकरकमी ठरलेले असल्याने त्यात एका रुपयाचाही फरक पडला नाही. दुकान किंवा कार्यालयाची जागा चौरस फुटाच्या दराने घेतलेली असती, तर मात्र हाच फरक दर महिन्याला खिशातून गेला असता, आणि तिथे कोणते क्षेत्र हे आधी ठरवूनच दर बोलावा.

क्षेत्रफळाचा फरक गंभीर केव्हा मानावा? खोल्यांची संख्याच जुळत नसेल तेव्हा. दस्तात एका बेडरूमचे क्षेत्र आणि प्रत्यक्षात दोन बेडरूम असतील, तर बहुधा जुन्या दस्तातून दुसऱ्याच फ्लॅटची अनुसूची उतरलेली असते. किंवा शेजारशेजारचे दोन फ्लॅट जोडलेले असतात आणि करारात एकाचाच क्रमांक असतो. जोड फ्लॅटमध्ये वीजमीटर दोन, मिळकतकराची बिले दोन आणि दार एक अशी स्थिती असते. करारात एकच क्रमांक असेल, तर अर्ध्या घरात तुम्ही कोणत्याही लेखी आधाराशिवाय राहत असता.

चूक सापडल्यावर दुरुस्ती

अंगठे होण्यापूर्वी दुरुस्ती प्रारूपातच करावी. बदल झाल्यावर प्रारूपाची नवी प्रत मागवून अनुसूची पुन्हा वाचावी. ‘केले आहे’ या फोनवरच्या शब्दावर अंगठा देऊ नये. घरमालक आणि भाडेकरू वेगवेगळ्या शहरांतून अंगठा देणार असतील, तर दोघांनीही बदललेली प्रतच पाहिली आहे याची खात्री करावी.

करार नोंदवला गेला असेल, तर फरकाचे स्वरूप पाहावे. घराची ओळख चुकली असेल, म्हणजे फ्लॅट क्रमांक, विंग, मजला किंवा जोड फ्लॅटचा राहिलेला क्रमांक, तर नोंदणीकृत चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि त्यावर मूळ दस्तातील सर्व पक्षांनी येणे आवश्यक असते. हाताने खाडाखोड करून बाजूला सही केलेल्या प्रतीला काही अर्थ नाही, कारण निबंधक कार्यालयाच्या नोंदीत जुनाच मजकूर राहतो. फरक फक्त वस्तूंच्या यादीत असेल, तर ताब्याच्या दिवशी स्वतंत्र ताबा यादी करावी. तीत खोलीनुसार वस्तू, त्यांची स्थिती, मीटरचे वाचन, चाव्यांची संख्या आणि तारीख लिहून दोघांनी प्रत्येक पानावर सह्या कराव्यात, आणि ‘नोंदणीकृत कराराच्या अनुसूचीतील यादीत फरक असल्यास ही यादी दोघांनाही मान्य आहे’ असे एक वाक्य घालावे. घरमालक परगावी असतील तर यादी आणि छायाचित्रे त्याच दिवशी ईमेलने पाठवून उत्तरात त्यांची संमती घ्यावी. महिनाभराने पाठवलेल्या छायाचित्राने फारसे काही सिद्ध होत नाही.

कुठे थांबावे

पुढील गोष्टी आढळल्या तर स्वतः दुरुस्त्या करत बसू नये आणि माझ्यासारख्या प्रारूप भरणाऱ्याकडूनही करून घेऊ नयेत. सूची दोनमध्ये मालक म्हणून वेगळ्याच व्यक्तीचे नाव असेल, किंवा मालक दोन असून करारात एकाचेच नाव असेल आणि दुसऱ्याचे कुलमुखत्यारपत्र दाखवले जात नसेल, तर मिळकतीचे काम करणाऱ्या वकिलाकडे जावे आणि तोवर अनामत रक्कम देऊ नये. कागदावर निवासी असलेली जागा व्यवसायासाठी दिली जात असेल, किंवा बाल्कनी अथवा गच्ची बंदिस्त करून काढलेली खोली अनुसूचीत ‘बेडरूम’ म्हणून आली असेल, तर ते बांधकाम मंजूर नकाशात आहे का, हे वास्तुविशारदाकडून पाहून घ्यावे, कारण पालिकेची कारवाई झाली तर ती खोली करारासकट जाते. मीटरच्या तारा उलट असतील किंवा नळाला, गिझरला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमन बोलवावा. आणि नोंदणीनंतर समोरची बाजू चूक मान्य करूनही चूक दुरुस्ती दस्तावर यायला नकार देत असेल, तर तोंडी रदबदलीत महिने घालवू नयेत. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ मध्ये, परस्परांच्या चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल तर न्यायालयाकडून तो दुरुस्त करून घेण्याची तरतूद आहे, पण तो दावा वकिलानेच चालवायचा असतो. त्याच्याकडे जाताना नोंदणीकृत करार, सूची दोन, वीजबिल, ताबा यादी आणि तारीखवार छायाचित्रे एकत्र न्यावीत.